वकिलाच्या मसुद्यातला स्वल्पविराम

कॅनडातल्या रॉजर्स या केबल कंपनीने २००२ मध्ये ॲलियंट कंपनीचे टेलिफोनचे खांब भाड्याने घेतले. करारातल्या एका इंग्रजी वाक्याचा अर्थ साधारण असा होता: करार पाच वर्षे चालेल, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढत जाईल, मात्र कोणत्याही पक्षाने एक वर्षाची लेखी सूचना दिली तर तो संपेल. सूचनेच्या अटीआधी एक स्वल्पविराम होता. पहिली पाच वर्षे पुरी होण्याआधीच ॲलियंटने करार मोडायला घेतला. त्या विरामामुळे अट मागच्या दोन्ही मुदतींना लागू होते, म्हणजे पहिल्या पाच वर्षांतही करार संपवता येतो, असे तिथल्या दूरसंचार नियामकाने जुलै २००६ मध्ये ठरवले. नंतर कराराचा फ्रेंच मसुदा पुढे आला, त्यातून पहिल्या पाच वर्षांत करार संपवता येत नाही असा एकच अर्थ निघत होता, आणि ऑगस्ट २००७ मध्ये निर्णय फिरला.

हा करार सहीआधी मुद्रितशोधकाच्या हाती आला असता तर? भाषेच्या नजरेला तो विराम फालतूच वाटला असता. त्याने तो निमूट काढला असता तर करार कधी मोडता येईल हेच बदलले असते, तेही वकिलाच्या नकळत. कायद्याच्या कागदावर ‘किरकोळ दुरुस्ती’ कोणती हे ठरवण्याचा अधिकार मुद्रितशोधकाचा नसतो. त्याने सुचवायचे आणि वकिलाने ठरवायचे, ही वाटणी कागदाच्या काळापासून चालत आली आहे.

आपल्याकडे तिला कायद्याचाही आधार आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम २० नुसार दस्तात खाडाखोड असेल, ओळींमध्ये मजकूर घुसडला असेल किंवा जागा कोरी सोडली असेल, तर दस्त करून देणाऱ्यांनी त्या-त्या ठिकाणी सही किंवा आद्याक्षरी केलेली असावी लागते. नसेल तर नोंदणी अधिकारी दस्त नाकारू शकतो. शेवटच्या पानावर एक सही ठोकून सगळ्या खाडाखोडीची जबाबदारी घेता येत नाही.

टंकलेखनाच्या काळात दुरुस्त्या रंगीत पेन्सिलीने व्हायच्या. मसुद्याची नवी प्रत टाइप झाली की कोणीतरी कनिष्ठ जुनी-नवी प्रत शेजारी ठेवून फरक हाताने रेघाळायचा. १९८० च्या दशकात अमेरिकी वकिलांच्या कचेऱ्यांत वर्डपरफेक्ट आले आणि नवा मजकूर वेगळा दाखवणे, काढलेल्यावर रेघ मारणे पडद्यावर होऊ लागले. दोन प्रतींची तुलना करणारी वेगळी सॉफ्टवेअरेही निघाली. तुलनेची पद्धत मोठ्या कचेऱ्यांत आजही चालते. काय बदलले ते तुलना बिनचूक सांगते. पण बदल कोणी केला, का केला आणि त्यातले कोणते दोन बदल एकमेकांवर अवलंबून आहेत, हे तिला कळत नाही, कारण ती सगळे झाल्यावर मागाहून येते.

मायक्रोसॉफ्ट वर्डने दुसरा मार्ग धरला: बदल होतानाच त्याची नोंद ठेवायची. वर्ड ९७ मध्ये या सोयीला ट्रॅक चेंजेस हे नाव मिळाले आणि समासातल्या टिपांना कॉमेंट. वर्ड २००२ मध्ये त्या टिपा समासातल्या फुग्यांत दिसू लागल्या. आज वर्डची docx फाइल उघडून आत पाहिले तर काढलेला स्वल्पविराम असा नोंदलेला सापडतो:

```xml
<w:del w:id="7" w:author="मुद्रितशोधक" w:date="2024-03-05T11:20:00Z">
  <w:r><w:delText>,</w:delText></w:r>
</w:del>
```

विराम अजून फाइलमध्येच आहे, फक्त ‘काढावा’ असा शेरा त्याच्याभोवती आहे, नावागावासह आणि वेळेसह. वकिलाने स्वीकारला तर विराम जातो, नाकारला तर शेरा जातो. प्रत्येक शेऱ्याचा निकाल स्वतंत्रपणे लागतो, हीच मुद्रितशोधकाच्या कामाची खरी सोय आहे. रॉजर्सच्या वाक्यात मी तर विरामाला हातही लावला नसता. नुसती कॉमेंट टाकली असती: ‘हा विराम ठेवल्यास रद्द करण्याची अट पहिल्या पाच वर्षांनाही लागू होते असे वाचता येईल. तसेच अभिप्रेत आहे का?’ शुद्धलेखनाची उघड चूक असेल तर मजकुरात बदल करावा. अर्थ हलत असेल तर मजकूर जागेवर ठेवून समासात विचारावे.

नावांचेही तसेच. सातबाऱ्यावर ‘पाटिल’ लिहिलेले असेल तर खरेदीखताच्या मसुद्यात ते ‘पाटील’ करणे व्याकरणात बरोबर आणि व्यवहारात घातक. तिथे कॉमेंटच हवी: ‘अभिलेखात ऱ्हस्व आहे, तसेच ठेवायचे का?’

पण ही सोय जपून वापरली नाही तर उलटते. मुद्रितशोधकाने अख्खे वाक्य खोडून नव्याने लिहिले, तर त्यातली वेलांटीची दुरुस्ती आणि बदललेली तारीख एकाच गठ्ठ्यात येतात. वकिलाला एक घेऊन दुसरी सहज सोडता येत नाही. म्हणून बदल शब्दापुरता ठेवायचा. देवनागरीत मात्र शब्दाहून लहान तुकडाही अडचणीचा. ‘दुरूस्ती’मधला फक्त दीर्घ ऊकार खोडून ऱ्हस्व टाकला, तर पडद्यावर खोडलेली मात्रा अनेकदा अक्षरापासून सुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते, आणि काय बदलले ते वाचणाऱ्याला उमगत नाही. अख्खा शब्द खोडून अख्खा लिहिलेला बरा.

दुसरा धोका नोंद बंद राहण्याचा. Ctrl+Shift+E दाबले की ट्रॅकिंग चालू किंवा बंद होते. चुकून बंद झाले तर पुढचे सगळे बदल बिनबोभाट होतात. पासवर्ड टाकून ट्रॅकिंगला कुलूप लावता येते, आणि वकिलाने फाइल पाठवतानाच ते लावावे असे माझे मत. तरी परत आलेली प्रत मूळ प्रतीशी एकदा ताडून पाहावीच. तुलनेत दिसणारा फरक शेऱ्यांत नसेल, तर तो बदल नोंदीबाहेर झाला असे समजावे.

गाजलेल्या फजित्या मात्र नोंद शिल्लक राहिल्याने झाल्या. २००४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत एससीओ ग्रुप या सॉफ्टवेअर कंपनीने डेमलरक्रायस्लर या मोटार कंपनीवर दावा लावला. दाव्याची वर्ड फाइल पत्रकारांच्या हाती लागली, आणि तिच्यातल्या लपलेल्या बदलांवरून कळले की मसुद्यात आधी प्रतिवादी म्हणून बँक ऑफ अमेरिकेचे नाव होते. पुढच्याच वर्षी लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्या हत्येवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातून खोडलेली नावे अशीच बाहेर आली. बदल पडद्यावर न दाखवणे आणि ते फाइलमधून काढून टाकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नो मार्कअप निवडले की पान स्वच्छ दिसते, पण शेरे आत तसेच राहतात.

वर्ड २००७ मध्ये ही लपलेली माहिती शोधून काढणारा डॉक्युमेंट इन्स्पेक्टर आला. तो वापरण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रत्येक दुरुस्तीवर वकिलाचा निर्णय, मग शेऱ्यांसह प्रत कचेरीच्या फाइलला, आणि त्यानंतर प्रतिपक्षासाठी वेगळी, तपासून साफ केलेली प्रत. इन्स्पेक्टरने राहिलेले बदल काढायला सांगितले तर तो ते सरसकट स्वीकारून मोकळा होतो. त्यामुळे वकिलाने न पाहिलेला एखादा विराम त्या वेळी कायमचा उडू शकतो.