काटा खाली येतो तो पाण्याने

रात्री दहाला एक कप ‘स्लिमिंग टी’ घेतला. सकाळी सहाला पोटात मुरडा आला, दोन-तीनदा पातळ झालं आणि वजनकाटा पाऊण किलो खाली आला. चहा लागू पडला, असं कुणालाही वाटेल. पण पाकीट उलटं करून घटकांची बारीक यादी वाचा. सेन्ना, सनाय, स्वर्णपत्री किंवा सोनामुखी, ही सगळी एकाच वनस्पतीची नावं, यातलं एकही दिसलं, तर तुम्ही जुलाबाचं औषध पीत आहात.

सोनामुखीच्या पानातली सेनोसाइड्स नावाची द्रव्यं जठरात आणि लहान आतड्यात जवळजवळ तशीच राहतात. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू ती फोडतात आणि त्यातून खरा रेचक पदार्थ तयार होतो. म्हणूनच परिणाम दिसायला ६ ते १२ तास लागतात. हा पदार्थ मोठ्या आतड्याला जोराने आकुंचन पावायला लावतो आणि पाणी परत शोषू देत नाही. पण रात्री खाल्लेल्या भाकरीतलं आणि तुपातलं पोषण बहुतेक त्याआधीच, लहान आतड्यात, रक्तात गेलेलं असतं. गेलं ते पाणी आणि मळ. चरबी होती तिथेच आहे.

पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. शरीरातलं पाणी घटलं की अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. ते मूत्रपिंडाकडून मीठ आणि पाणी राखून घेतं, पण त्या बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे सोडतं. म्हणजे गळती दोन्हीकडून. रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलीमोल प्रति लिटर असावं लागतं. ते खाली गेलं की पोटऱ्यांत गोळे येतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, छातीत धडधडतं. फार घसरलं तर हृदयाची लय बिघडून जीवावर बेततं. रक्तदाबासाठी लघवीची गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना हा धोका कितीतरी जास्त. आणि पोटॅशियम कमी झालं की आतड्याचे स्नायूही मंदावतात, बद्धकोष्ठ उलट वाढतं.

सवय लागते ती इथेच. जुलाबाने मोठं आतडं रिकामं झालं की ते भरायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत शौचाला न होणं साहजिक आहे, पण माणूस घाबरून पुन्हा चहा घेतो. बरेच दिवस घेऊन अचानक थांबवला, तर अल्डोस्टेरॉन लगेच उतरत नाही. पाणी साठतं, पाय आणि चेहरा सुजतो, काटा एक-दोन किलो वर जातो. “सोडला तर लठ्ठ होते,” असं म्हणत बायका पुन्हा पाकीट उघडतात, ते या सुजेमुळे. ही सूज चरबी नव्हे, काही दिवसांत ती ओसरते.

बद्धकोष्ठावर सोनामुखी चांगलं औषध आहे, पण थोडे दिवस, साधारण आठवडाभर. गोळीत किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. चहात मात्र पुडी तीन मिनिटं बुडवली की दहा, यावर मात्रा बदलते. महिनोन् महिने पीत आला असाल आणि पोटऱ्या दुखत असतील, तर रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या आणि डॉक्टरांना चहाचं पाकीटच दाखवा. “कुठलं औषध घेता?” असं विचारल्यावर चहा कुणाला आठवत नाही.