n च्या दिशेने आणि n भोवती: पाउली मॅट्रिक्सची दोन वेगळी कामे

अर्धस्पिन कणाची अवस्था हव्या त्या दिशेला वळवायची असते, तेव्हा एक चूक फार सहज होते. सुरुवातीला स्पिन z अक्षावर वर रोखलेला आहे आणि तो n या एकक सदिशाच्या दिशेला न्यायचा आहे. परिवलनाचे सूत्र हाताशी असते, त्यात n साठी जागाही असते, म्हणून विद्यार्थी n तिथे ठेवतो, z आणि n यांच्यातला θ कोन भरतो आणि गुणाकार करतो. उत्तरादाखल मिळणाऱ्या स्तंभाची लांबी बरोबर 1 भरते, गणितात कुठेही खोट दिसत नाही, पण स्पिन मात्र n कडे वळलेला नसतो. याचे कारण असे, की `n·σ` ही एकच मॅट्रिक्स दोन वेगळ्या कामांसाठी वापरली जाते. n च्या दिशेने स्पिन मोजणे हे एक काम आणि n भोवती स्पिन फिरवणे हे दुसरे. चिन्ह एकच असल्यामुळे ही दोन कामे एकमेकांत मिसळतात.

वोल्फगांग पाउली यांनी 1927 मध्ये मांडलेल्या σx, σy, σz या तीन मॅट्रिक्सचे सारे बीजगणित एका ओळीत मावते.

```
σi σj = δij + i εijk σk
```

एकच मॅट्रिक्स स्वतःशी गुणली तर 1 मिळतो. दोन वेगळ्या मॅट्रिक्स गुणल्या तर तिसरी मिळते, सोबत i येतो आणि क्रम उलटला की चिन्ह बदलते. या ओळीतून लगेच निघणारी गोष्ट म्हणजे कोणत्याही एकक सदिशासाठी `(n·σ)² = 1`, कारण मिश्र पदे जोडीजोडीने एकमेकांना खोडून टाकतात. पुढची दोन्ही कामे याच एका गुणधर्मावर उभी आहेत, आणि दोहोंची गल्लत होण्याचे मूळही मला इथेच दिसते.

आता पहिले काम पाहू. ज्या मॅट्रिक्सचा वर्ग 1 आहे तिची आयगेनमूल्ये +1 आणि −1 यांखेरीज काही असू शकत नाहीत. स्पिन ऑपरेटर `S = (ħ/2)σ` असल्याने कोणत्याही दिशेने मोजले तरी उत्तर +ħ/2 किंवा −ħ/2 असेच येते. ओटो स्टर्न आणि वाल्थर गेर्लाख यांनी 1922 मध्ये फ्रँकफुर्टमध्ये चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून नेला, तेव्हा तो पसरट न होता दोन भागांत फुटला, तो यामुळेच. "स्पिन n च्या दिशेला आहे" या वाक्याचा नेमका अर्थ एवढाच, की ती अवस्था `n·σ` चा +1 मूल्याचा आयगेनव्हेक्टर आहे, म्हणजे उपकरण n दिशेला लावून मोजले तर +ħ/2 खात्रीने मिळेल.

उदाहरणासाठी yz प्रतलातली, z अक्षाशी 60° कोन करणारी दिशा घेऊ, म्हणजे n = (0, √3/2, 1/2). तिची मॅट्रिक्स अशी होते.

```
n·σ = |  1/2     -i√3/2 |
      | i√3/2     -1/2  |
```

स्तंभ (a, b) आयगेनव्हेक्टर असण्यासाठी वरच्या ओळीतून a/2 − i(√3/2)b = a ही अट मिळते, म्हणजे b = ia/√3. लांबी 1 करून घेतली की अवस्था (√3/2, i/2) येते. z दिशेने मोजल्यास "वर" मिळण्याची संभाव्यता 3/4 आहे, म्हणजे cos²30°. अवकाशातला कोन 60° असताना स्तंभात 30° का यावा, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि तो पडायलाच हवा. z अक्षावरचे "वर" आणि "खाली" अवकाशात 180° दूर आहेत, पण अवस्था म्हणून ते परस्परलंब आहेत, म्हणजे त्यांच्यात 90° आहेत. अवकाशातला कोन अवस्थांच्या जगात अर्धा होतो, तो इथून. सर्वसाधारण दिशेसाठी, z शी θ आणि xy प्रतलात x पासून φ असे कोन धरले, तर हाच स्तंभ (cos θ/2, e^(iφ) sin θ/2) असा होतो. आपल्या उदाहरणात φ = 90° असल्यामुळे खालच्या घटकात i आला.

दुसऱ्या कामात `n·σ` घातांकात जाऊन बसते. n भोवती α कोनातून फिरवणारी मॅट्रिक्स अशी आहे.

```
U = exp(-i α n·σ/2) = cos(α/2) - i sin(α/2) n·σ
```

उजवीकडचे सुटसुटीत रूप पुन्हा वर्ग 1 असल्यामुळेच मिळते: श्रेणीतली सम पदे cos मध्ये आणि विषम पदे sin मध्ये गोळा होतात. इथे n हा भोवऱ्याच्या आरीसारखा स्थिर अक्ष आहे. ज्याच्याभोवती सगळे फिरते तो स्वतः जागचा हलत नाही, म्हणून n च्या दिशेतली अवस्था या U मुळे बदलत नाही, तिला केवळ एक फेज चिकटतो. आणि जी अवस्था n च्या दिशेत नाही, ती n भोवती कितीही फिरवली तरी तिचा n शी असलेला कोन तेवढाच राहतो. z पासून निघालेला स्पिन आपल्या n भोवती फिरताना n पासून सदैव 60° वरच असणार. तो n वर कधीच पोहोचणार नाही. सुरुवातीची चूक किती मूलभूत आहे ते या एका विचारातून आकडेमोड न करताही कळते.

तरी आकडेमोड करून पाहणे हिताचे आहे. α = 60° आणि अक्ष n घेऊन z वरच्या अवस्थेवर U लावला तर स्तंभ (√3/2 − i/4, √3/4) असा येतो. "वर" ची संभाव्यता 13/16, म्हणून स्पिनचा z घटक 13/16 − 3/16 = 5/8. याचा अर्थ z शी कोन सुमारे 51.3°, 60° नव्हे. शिवाय φ सुमारे 16° येतो, म्हणजे स्पिन yz प्रतलात राहिलेलाच नाही. चूक पकडायची खात्रीची रीत हीच: मिळालेल्या स्तंभावर `n·σ` लावून तोच स्तंभ परत येतो का ते पाहावे.

योग्य अक्ष कोणता, हे भूमितीच सांगते. z ला n वर सरळ नेणारे परिवलन z आणि n या दोहोंना लंब असलेल्या अक्षाभोवती हवे, म्हणजे z × n च्या दिशेभोवती. आपल्या उदाहरणात तो अक्ष (−1, 0, 0) आहे. मग U = cos 30° + i sin 30° σx, आणि z वरच्या अवस्थेवर तो लावला की (√3/2, i/2) मिळते; आयगेनव्हेक्टर सोडवून आलेलाच हा स्तंभ. कोणत्याही दिशेसाठी हा अक्ष (−sin φ, cos φ, 0) असतो. तो नेहमी xy प्रतलात पडतो, आणि n शी त्याचा संबंध लंबाचा असतो, एकरूपतेचा कधीच नाही.

प्रयोगशाळेतही हाच भेद उभा राहतो. n दिशेला स्थिर चुंबकीय क्षेत्र लावले की स्पिन n कडे वळेल, अशी होकायंत्राच्या सुईवरून अपेक्षा होते. सुई वळते कारण तिच्या टेकूतले घर्षण ऊर्जा शोषून घेते. एकाकी स्पिनला असे काही नसल्यामुळे तो क्षेत्राभोवती फिरत राहतो, आणि त्या फिरण्याचे वर्णन करणारी मॅट्रिक्स म्हणजे क्षेत्राची दिशा अक्ष मानलेली वरचीच U. आपल्या उदाहरणात इलेक्ट्रॉनचा स्पिन n कडे न्यायचा तर क्षेत्र −x दिशेला लावावे लागते. 1 मिलिटेस्ला क्षेत्रात इलेक्ट्रॉनचा स्पिन सेकंदाला सुमारे 2 कोटी 80 लाख फेऱ्या घेतो, म्हणून एक फेरी सुमारे 36 नॅनोसेकंदांची, आणि 60° साठी क्षेत्र सुमारे 6 नॅनोसेकंद ठेवून बंद करावे लागते. उशीर झाला तर स्पिन n ला ओलांडून पुढे निघून जातो.

मोजण्याची मॅट्रिक्स अवस्थेवर नुसती गुणली तर काय होते, याबद्दलही एक गैरसमज आढळतो. असा गुणाकार म्हणजे मोजमाप नव्हे. फिरवण्याच्या सूत्रात α = 180° ठेवला की U = −i n·σ उरते, म्हणजे `n·σ` ने गुणणे हे n भोवतीचे अर्धे वर्तुळ आहे, फक्त फेजचा फरक सोडून. आपल्या n साठी z वरची अवस्था गुणल्यास (1/2, i√3/2) मिळते आणि तिची दिशा z पासून 120° वर आहे. ही n ची पलीकडची बाजू, जिथे अर्ध्या फेरीने जायलाच हवे. मोजमापात अवस्था n वर येते ती `(1 + n·σ)/2` या प्रक्षेपक मॅट्रिक्समुळे. तिचा पहिला स्तंभ (3/4, i√3/4) असून लांबी 1 केल्यावर पुन्हा (√3/2, i/2) हाच निघतो. हाताने आयगेनव्हेक्टर काढण्यासाठी मला हीच रीत सर्वांत सोयीची वाटते. मात्र n अगदी −z असेल तर हा स्तंभ शून्य होतो, आणि त्याच ठिकाणी z × n हा अक्षही शून्य होतो. तिथे कोणताही आडवा अक्ष चालतो, म्हणून तो आपणच निवडावा लागतो.

अर्ध्या फेरीच्या या गुणधर्माचा सरळ उपयोगही होतो. z आणि n यांच्या बरोबर मधली दिशा m = (0, 1/2, √3/2) घेऊन तिच्याभोवती अर्धी फेरी दिली तर z थेट n वर येतो, आणि खरोखरच `m·σ` चा पहिला स्तंभ (√3/2, i/2) आहे. क्वांटम संगणनातले हाडामार्ड गेट म्हणजे z आणि x यांच्या मधल्या दिशेसाठी केलेली हीच युक्ती आहे.

राहता राहिला फेज. आयगेनव्हेक्टर सोडवताना समग्र फेज कोणताही चालतो, कारण समीकरण त्याबद्दल काहीच सांगत नाही. परिवलन मात्र ठरावीक फेज देते. आधी y भोवती θ आणि मग z भोवती φ असे दोन टप्प्यांत फिरवले तर (e^(−iφ/2) cos θ/2, e^(iφ/2) sin θ/2) मिळते, जे आपल्या स्तंभाहून e^(−iφ/2) एवढ्याच गुणकाने वेगळे आहे. दिशा तीच असल्यामुळे एकट्या स्पिनवरच्या कोणत्याही मोजमापात हा फरक दिसत नाही. पण U मध्ये α = 360° ठेवला तर −1 येतो, आणि मूळ चिन्ह परत मिळायला 720° लागतात. 1975 मध्ये हेल्मुट राउख आणि सॅम्युअल वर्नर यांच्या गटांनी न्यूट्रॉनचा झोत दोन वाटांत विभागून एका वाटेवर चुंबकीय क्षेत्राने स्पिन फिरवला आणि दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणल्या. न फिरवलेली वाट तुलनेला असल्यामुळे ते ऋण चिन्ह तीव्रतेच्या चढउतारात उघड झाले.