मोबाइल छायाचित्रांतील धूसरपणा

मोबाइलने काढलेले छायाचित्र हात न हलता आणि पुरेसा प्रकाश असतानाही अस्पष्ट येते, तेव्हा त्याचे कारण बहुधा तीन ठिकाणी सापडते: कॅमेऱ्यावरच्या काचेला लागलेला तेलकट डाग, त्या काचेवर चिकटवलेले संरक्षक आवरण, किंवा भिंग पुढेमागे सरकवणाऱ्या ऑटोफोकस यंत्रणेतील बिघाड. तिन्हींना बोलण्यात ‘फोटो ब्लर येतो’ एवढेच म्हटले जाते. प्रकाशाचे जे बिघडते ते मात्र तिन्हींत वेगळे असते, आणि म्हणून छायाचित्र नीट पाहिल्यास, फोन न उघडताही, दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा ओळखता येते.

ओळखण्याचे सर्वांत चांगले साधन म्हणजे अंधारातला दूरचा, लहान आणि प्रखर दिवा. मुंबईत त्यासाठी मरीन ड्राइव्हसारखी जागा नाही. नरिमन पॉइंटच्या टोकाला उभे राहून गिरगाव चौपाटीच्या दिशेने पाहिले की वळणावर दिव्यांची लांबच लांब रांग दिसते आणि तिच्यातला प्रत्येक दिवा कॅमेऱ्याच्या दृष्टीने जवळपास एक बिंदूच असतो. गच्चीवरून दिसणारा रस्त्यावरचा एकटा दिवाही चालतो. त्या बिंदूचे छायाचित्रात काय झाले, हे चित्र मोठे करून पाहायचे.

काचेवर बोटाचा डाग असेल तर दिव्याचा मूळ बिंदू जागच्या जागी आणि बऱ्यापैकी टोकदार राहतो, पण त्याच्याभोवती दुधी वलय पसरते किंवा त्यातून लांब प्रकाशरेषा निघतात. डाग स्वतः छायाचित्रात ठिपक्यासारखा उमटत नाही, कारण तो भिंगाच्या इतका जवळ असतो की त्याची प्रतिमा बनूच शकत नाही. तो फक्त आत येणारा प्रकाश विखुरतो. याच कारणाने काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फारसा अपाय करत नाही. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे प्रकाश घेणारे छिद्र साधारण ३ मिलिमीटर व्यासाचे धरले, तर ०.१ मिलिमीटरचा धुळीचा कण त्याचा जेमतेम नऊशेवा भाग झाकतो. बोटाचा तेलकट थर मात्र सगळ्या छिद्रावर एकदम पसरतो. खोबरेल लावलेल्या केसांवरून फिरलेला हात, वडापावचे तेल, घामेजलेल्या खिशात घासली जाणारी फोनची पाठ हे त्याचे नेहमीचे उगम होत.

प्रकाशरेषांच्या दिशेतही एक खूण असते. बोट किंवा सदऱ्याचे टोक काचेवर ज्या दिशेने फिरवले असेल त्या दिशेने तेलाच्या सूक्ष्म समांतर रेघा उरतात, आणि प्रकाश त्या रेघांना काटकोनात पसरतो. काच आडवी पुसली असेल तर दिव्यांतून उभ्या रेषा निघतात. फोन हातात फिरवला तर या रेषाही फोनबरोबर फिरतात, म्हणजे त्या दृश्यातल्या नसून काचेवरच्या आहेत हे पक्के होते. दिवसा हाच दोष ओळखणे अवघड जाते, कारण तेव्हा वलय दिसत नाही. फक्त काळा रंग राखाडी होतो आणि चित्रावर धुके उतरल्यासारखे वाटते. पावसाळ्यात वातानुकूलित लोकलमधून फलाटावर उतरल्याबरोबर काढलेल्या छायाचित्रातही असेच धुके येते. ते थंड काचेवर जमलेल्या बाष्पाचे असते आणि फोनला बाहेरची ऊब लागली की आपोआप जाते. तेच धुके काचेच्या आतल्या बाजूला दिसून पुसूनही जात नसेल, तर फोनमध्ये ओल शिरली आहे असे समजावे.

संरक्षक आवरणाचा दोष दोन प्रकारचा असतो. पहिला अगदी साधा: नव्या फोनवर वाहतुकीसाठी चिकटवलेली पातळ प्लास्टिकची फिल्म काढायची राहून जाते. ही फिल्म दृक्‌कामासाठी बनवलेली नसते. तिच्या सूक्ष्म लाटांमुळे दिव्याचा बिंदू एका बाजूला ओढला जातो किंवा त्याच्या कडा दुहेरी होतात, आणि दिवसाच्या उजेडातही अक्षरे मऊ दिसतात. दूरचे जवळ दाखवणाऱ्या टेलिफोटो कॅमेऱ्यात हा परिणाम जास्त जाणवतो, रुंद दृश्य टिपणाऱ्यात कमी. दुसरा प्रकार म्हणजे दुकानात हौसेने बसवून घेतलेला काचेचा लेन्सगार्ड. मनीष मार्केटपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत कुठेही तो दोन मिनिटांत बसवून मिळतो, आणि तो सपाट व स्वच्छ असेल तर दिवसाच्या छायाचित्रांत फरक जवळपास दिसत नाही. त्याचा दोष रात्री उघड होतो. विशेष लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवतो. संवेदकाकडून उलटलेला प्रकाश या जादा पृष्ठभागावर आपटून पुन्हा आत येतो आणि चित्राच्या केंद्राच्या बरोबर विरुद्ध बाजूला दिव्याची फिकट, उलटी प्रतिकृती उमटते. फोन डावीकडे वळवावा तर खरा दिवा चित्रात उजवीकडे सरकतो आणि त्याचे हे भूत डावीकडे. अशी भुते लेन्सगार्ड नसतानाही थोडी दिसतात, कारण आतली भिंगेही प्रकाश परतवतात. म्हणून केवळ त्यांच्या असण्यावरून गार्डला दोष देऊ नये, तो काढल्यावर ती किती फिकी होतात हे पाहावे.

कॅमेरे आणि फ्लॅश दोन्ही झाकणाऱ्या एकसंध गार्डमध्ये आणखी एक खोड असते. फ्लॅशचा प्रकाश काचेच्या आतून आडवा प्रवास करून भिंगासमोर बाहेर पडतो आणि सगळे चित्र पांढुरके करतो. चांगल्या गार्डमध्ये फ्लॅशभोवती काळे कडे दिलेले असते ते यासाठीच. अंधाऱ्या खोलीत एकाच वस्तूचे छायाचित्र गार्डसह आणि गार्डशिवाय, फ्लॅश लावून काढले की याचा निकाल लगेच लागतो.

ऑटोफोकसच्या बिघाडात दिव्याचा बिंदू बिंदू राहतच नाही. तो स्पष्ट कडेची गोल चकती होतो, आणि चित्रातले सारख्या अंतरावरचे सगळे दिवे सारख्याच आकाराच्या चकत्या होतात. वलयाची कडा हळूहळू विरते, चकतीची कडा आखल्यासारखी संपते, हा फरक एकदा डोळ्यांत बसला की सहसा चुकत नाही. दिव्यांच्या जागी सारख्याच आकाराच्या वेड्यावाकड्या रेघोट्या असतील, तर हात हललेला आहे. त्यात कुठलाही बिघाड नाही.

फोनमध्ये भिंग सरकवण्याचे काम लोहचुंबक, तारेचे वेटोळे आणि बारीक स्प्रिंगा करतात. ही हालचाल किती थोडी असते, हे समजले की यंत्रणा इतक्या लहानसहान कारणांनी का चुकते ते कळते. भिंगाचे नाभीय अंतर ६ मिलिमीटर धरले, तर अनंतावरून १ मीटरवर येण्यासाठी भिंगाला ०.०४ मिलिमीटरही सरकावे लागत नाही, आणि १० सेंटिमीटरवर येण्यासाठी ०.४ मिलिमीटरच्या आसपास. फोन पडून स्प्रिंग वाकली किंवा आत कण अडकला, तर भिंग एका जागी अडकते किंवा फोन खाली-वर धरल्यावर आपल्याच वजनाने जागा बदलते. चुंबक असलेले कव्हर किंवा होल्डरही या यंत्रणेला फसवतो, म्हणून तपासणीपूर्वी तो काढलेला बरा. मोटारसायकलच्या हँडलला फोन लावून फिरणाऱ्यांसाठी एक गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे: मोठ्या ताकदीच्या मोटारसायकलींच्या कंपनांनी आयफोनची कॅमेरा यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना खुद्द ॲपलने २०२१ मध्ये दिली होती. फोन हलवल्यावर कॅमेऱ्यातून येणारी हलकी खडखड मात्र बिघाडाचीच असते असे नाही. चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा असलेल्या फोनमध्ये ती सहज ऐकू येते.

दूरच्या दिव्याची परीक्षा एका बाबतीत अपुरी पडते. भिंग अनंतावरच अडकलेले असेल तर दिवे लख्ख येतात आणि जवळचे सगळे बिघडते. त्यासाठी वर्तमानपत्र टेबलावर सपाट पसरावे, साधारण ३० सेंटिमीटरवरून तिरक्या कोनात फोन धरावा आणि पडद्यावर मधल्या ओळीला बोट लावून छायाचित्र काढावे. मधली ओळ अस्पष्ट आणि तिच्या अलीकडची किंवा पलीकडची ओळ स्पष्ट असेल, तर काच निर्दोष असून फोकस चुकतो आहे. सगळ्याच ओळी सारख्याच दुधट असतील, तर दोष बहुधा काचेवरचा आहे. अर्थात भिंग फारच दूर अडकले असेल तर एकही ओळ स्पष्ट येत नाही. तेव्हा दिव्याची आणि कागदाची परीक्षा मिळून पाहावी लागते. बोट लावल्यावर चित्र स्पष्ट-अस्पष्ट होत राहून कधीच स्थिरावले नाही, तर ते फोकस शोधणाऱ्या यंत्रणेचे भटकणे असते.

अशा निष्कर्षाआधी काही साध्या शक्यता वगळाव्या लागतात. मुख्य कॅमेरा अनेक फोनमध्ये १० ते १५ सेंटिमीटरच्या आत फोकस करू शकत नाही, आणि मोठ्या संवेदकाच्या फोनमध्ये ही मर्यादा आणखी लांब असते. पडद्यावर `AE/AF LOCK` दिसत असेल तर फोकस वापरणाऱ्यानेच नकळत बांधून ठेवलेला असतो. पुढचा, सेल्फीचा कॅमेरा बऱ्याच फोनमध्ये स्थिर फोकसचा असतो, त्यामुळे तिथल्या धूसरपणाचा संशय आधी डागावर घ्यावा. दुसऱ्या कॅमेऱ्याने तेच दृश्य टिपून तुलना करता येते. मात्र कमी उजेडात किंवा जवळच्या वस्तूसाठी फोन न सांगता कॅमेरा बदलतो, तेव्हा एकेका भिंगावर बोट ठेवून कोणते खरोखर चालू आहे हे पाहावे.

दोन कारणे एकत्र असली की घोळ होतो. दोन वर्षे वापरलेल्या एका फोनचे उदाहरण घेऊ. त्याच्या रात्रीच्या छायाचित्रांत दिव्यांतून तिरक्या रेषा निघत होत्या, विरुद्ध बाजूला हिरवट ठिपके पडत होते आणि दिवसाही अक्षरे फिकट येत होती; एका दुकानात कॅमेराच बदलावा लागेल असे सांगण्यात आले. काचेवर तोंडाची वाफ सोडून मऊ मायक्रोफायबर कापडाने गोलाकार पुसल्यावर रेषा नाहीशा झाल्या, पण फिकटपणा राहिला. वर्तमानपत्राच्या छायाचित्रात सगळ्या ओळी सारख्याच दुधट होत्या आणि दिव्यांच्या चकत्या कुठेच नव्हत्या, म्हणजे ऑटोफोकस ठीक होता. टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकल्यावर लेन्सगार्ड आणि मूळ काच यांच्या मधोमध धुरकट कडे दिसले: पावसाळ्यातली ओल आणि धूळ गार्डच्या खाली शिरली होती, आणि ती बाहेरून पुसून जाणे शक्यच नव्हते. गार्ड किंचित कोमट करून नखाने कडेपासून उचलला आणि उरलेला डिंक ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने काढला. अक्षरे काळी आली. हिरवट ठिपके पुष्कळ फिके झाले, पण पूर्ण गेले नाहीत, कारण उरलेले आतल्या भिंगांचे होते. गार्ड उचलण्यापूर्वी तो खरोखर गार्डच आहे, याची कडेला नख लावून खात्री करावी लागते. फोनची मूळ काचच गार्ड समजून उपटण्याचे प्रकारही घडतात.