कामाआधीचं ‘कशी आहेस?’

फोनवर पहिला शब्द कोण बोलतं? घंटा वाजते, उचलणारा ‘हॅलो’ म्हणतो आणि मग फोन करणारा बोलू लागतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी एका शहराच्या पोलीस खात्याचे सुमारे ५०० ध्वनिमुद्रित फोन तपासले, तेव्हा हाच क्रम दिसत होता. एका संभाषणात मात्र तो मोडला होता. फोन उचलला गेला, पण पलीकडून कुणी बोललं नाही. क्षणभराने फोन करणाऱ्या पोलिसानेच ‘हॅलो’ म्हटलं.

५०० मधला एक अपवाद कुणीही बाजूला ठेवला असता. शेग्लॉफ यांनी त्या एका फोनसाठी सगळा नियम नव्याने मांडला आणि तो १९६८ साली प्रसिद्ध केला. सुरुवात माणूस करतच नाही, घंटा करते, असं त्यांचं म्हणणं होतं. घंटा ही हाक आणि ‘हॅलो’ ही तिला दिलेली ओ. ओ आली नाही तर आपण पुन्हा हाक मारतो, त्या पोलिसाने तेच केलं. हे एकदा लक्षात आलं की दोन्ही बाजूंची बांधिलकीही दिसते. ओ देणाऱ्याने ‘ऐकायला मी आहे’ असं कबूल केलेलं असतं आणि हाक मारणाऱ्याला आता काहीतरी बोलणं भाग असतं.

तरीही तो लगेच काम सांगत नाही. आधी ओळख पटते, मग नमस्कार होतो, मग खुशाली विचारली जाते, आणि त्यानंतर कामाची जागा येते. मधला हा भाग फुकट जातो असं वाटतं, म्हणून तो जरा संथपणे ऐकून पाहू. समजा, परीक्षेसाठी पुढच्या आठवड्यात पुण्याला चाललेल्या मुलाला मावशीकडे दोन दिवस राहायचं आहे.

‘हॅलो?’
‘मावशी, मी बोलतोय.’
‘अरे, तू होय! बोल रे.’
‘कशी आहेस?’
‘ठीकच म्हणायचं.’
‘का गं, काय झालं?’
‘काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, सोमवारी.’

मुलाने नाव सांगितलं नाही. ‘मी’ एवढ्यावर मावशीने त्याला आवाजावरून ओळखलं आणि नातं ताजं असल्याची दोघांनाही खात्री पटली. ओळखलं नसतं, तर ‘मी कोण?’ या प्रश्नाने त्याला थोडं लागलंही असतं. पण खरी किमया पुढे आहे. मावशी ‘मजेत’ म्हणाली असती तर खुशाली तिथेच मिटली असती. ‘ठीकच’ हे उत्तर मात्र थोडं खाली उतरलेलं आहे. अशा उत्तरांचा अभ्यास संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी १९८० साली मांडला: माणूस अडचण सांगत नाही, पण ती आहे याची चाहूल देतो. पुढे विचारायचं की सोडून द्यायचं, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं.

मुलाने विचारलं, म्हणून राहण्याची गोष्ट त्याच्या ओठांवरच राहिली. कदाचित आता तो ‘मी येऊ का मदतीला?’ असं म्हणेल. मावशीने फोन उचलल्या उचलल्या त्याने ‘दोन दिवस राहू का?’ विचारलं असतं, तर मावशीला एकतर नकार द्यावा लागला असता, नाहीतर ऑपरेशनच्या धावपळीत पाहुणा घ्यावा लागला असता. कुणाचाही मान न दुखावता विनंती मागे घेता येईल, अशी ही जागा आहे. माझ्या मते खुशालीचं सगळ्यात मोठं काम हेच.

म्हणूनच ती गाळली की त्यालाही अर्थ येतो. ‘आधी इकडे ये, बाबा पडलेत’ असा फोन आला तर नमस्कार नाही म्हणून कुणी रागावत नाही, उलट त्या गैरहजेरीवरूनच तातडी कळते. आणीबाणीच्या फोनसेवांच्या अभ्यासातही नमस्कार आणि खुशाली जवळजवळ गळालेली आढळते. रोजचं माणूस ‘दही आण’ एवढंच म्हणतं, कारण त्याच्याशी आपलं बोलणं सकाळपासून चालूच असतं. मात्र वर्षभराने फोन करून कुणी थेट पैसे मागितले, की ‘कामापुरती आठवण झाली’ हे शब्द मनात येतातच.

मोबाइलने यातला ओळखीचा भाग बराच कमी केला, कारण नाव पडद्यावर आधीच दिसतं. फिनलंडमधल्या अभ्यासात आढळलं की घरच्या फोनवर स्वतःचं नाव सांगून उत्तर देणारे लोक मोबाइलवर थेट फोन करणाऱ्याला उद्देशून अभिवादन करू लागले. आपल्याकडचं ‘हां, बोल रे’ त्याच जातीचं आहे.

लिखित निरोपात गणित आणखी बदलतं. तिथे आवाज नसतो, त्यामुळे ‘ठीकच’मधला उतार नीट ऐकू येत नाही, आणि वाचणारा सवडीनेच वाचतो. नुसतं ‘नमस्कार’ पाठवून थांबलं तर हाक पोहोचते, पण कशासाठी ते कळत नाही. ओ दिली तर कशाला होकार द्यावा लागेल, या विचाराने समोरचा अडकतो. अशा वेळी खुशाली आणि काम एकाच निरोपात लिहिणं आणि ‘जमत नसेल तर तसं सांग’ हे वाक्य जोडणं मला जास्त सभ्य वाटतं. फोनवर जी माघारीची वाट आवाज देतो, ती इथे शब्दांनी द्यावी लागते.