मिठाच्या स्फटिकातील प्रतलांचे अंतर कसे मोजतात?

आरशावर प्रकाश कोणत्याही कोनातून पडला तरी तो परावर्तित होतो. मिठाच्या स्फटिकावर एकाच तरंगलांबीचे क्ष-किरण सोडले आणि स्फटिक हळूहळू फिरवत नेला, तर मात्र बहुतेक कोनांत जवळजवळ काहीच परावर्तित होत नाही, आणि मग एखाद्या ठरावीक कोनाला एकाएकी तीव्र किरण बाहेर पडतो. कोन थोडासा बदलला की तो पुन्हा नाहीसा होतो. मोजणीची सगळी मदार या हटवादीपणावर आहे.

याचे कारण असे की क्ष-किरण स्फटिकाच्या पृष्ठभागावरून परत फिरत नाहीत. ते आत खोलवर शिरतात आणि वाटेत लागणारे अणूंचे प्रत्येक प्रतल त्यांचा अगदी नगण्य अंश परावर्तित करते. एकट्या प्रतलाचा हा हिस्सा इतका क्षीण असतो की हजारो प्रतलांकडून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळून एकमेकींना बळ देतील, तेव्हाच उपकरणाला जाणवेल असा किरण तयार होतो.

दोन लगतची प्रतले घेऊ. त्यांच्यातील अंतर d आहे आणि किरण प्रतलाशी θ एवढा कोन करून येतो आहे. खालच्या प्रतलावरून परतणाऱ्या किरणाला वरच्या किरणापेक्षा थोडे जास्त अंतर कापावे लागते. वरच्या प्रतलावरील परावर्तनबिंदूपासून खालच्या किरणाच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या अशा दोन्ही वाटांवर लंब टाकले, तर जाताना d sin θ आणि येताना d sin θ एवढी जादा वाट दिसते. हे पथांतर तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल, तर दोन्ही लाटांचे उंचवटे एकमेकांवर बरोबर बसतात आणि परावर्तन तीव्र होते:

2d sin θ = nλ

येथे λ ही तरंगलांबी आणि n ही १, २, ३ अशी पूर्ण संख्या आहे. लॉरेन्स ब्रॅग यांनी ही अट १९१२ मध्ये मांडली, तेव्हा ते २२ वर्षांचे होते.

पथांतर पूर्ण पटीत नसेल तर परावर्तन थोडे मंद होईल, एवढेच या समीकरणावरून वाटते. मग ते थेट नाहीसे का होते? समजा, कोन किंचित चुकला आणि लगतच्या दोन प्रतलांमधील पथांतर एका तरंगलांबीऐवजी १.०१ तरंगलांबी झाले. पहिल्या आणि दुसऱ्या प्रतलाच्या लाटा अजूनही जवळजवळ जुळलेल्याच आहेत. परंतु प्रत्येक पायरीला ही शंभरांश भागाची चूक साठत जाते, आणि पहिल्या प्रतलापासून ५० प्रतले खाली असलेल्या प्रतलाची लाट बरोबर अर्ध्या तरंगाने मागे पडून पहिल्या प्रतलाची लाट पुसून टाकते. दुसऱ्या प्रतलाला ५२ वे प्रतल पुसते, तिसऱ्याला ५३ वे, आणि असेच पुढे. प्रतले जितकी जास्त, तितकी चूक कमी खपते. म्हणूनच अतिसूक्ष्म कणांमध्ये, जिथे प्रतलांची संख्याच थोडी असते, परावर्तनाचे शिखर रुंद आणि पसरट दिसते.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे वळू. सैंधवाचा स्फटिक घनाच्या बाजूंना समांतर सहज फुटतो, त्यामुळे हव्या त्या प्रतलांना समांतर असा सपाट पृष्ठभाग आपोआप मिळतो. तांब्याच्या लक्ष्याच्या नळीतून येणाऱ्या क्ष-किरणांची मुख्य तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम असते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. स्फटिक θ कोनाने फिरला की परावर्तित किरण मूळ दिशेपासून 2θ एवढा वळतो, त्यामुळे किरण टिपणारा शोधक दुप्पट वेगाने फिरवावा लागतो आणि नोंदीच्या कागदावर कोन 2θ असाच येतो. मिठाचे पहिले तीव्र शिखर ३१.७ अंशांवर मिळते. म्हणून θ १५.८५ अंश, त्याची ज्या, म्हणजे sin θ, ०.२७३१, आणि

d = 1.5406 / (2 × 0.2731) = 2.82

म्हणजे प्रतलांतील अंतर २.८२ अँगस्ट्रॉम. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे निम्मा करायचा कोन तसाच समीकरणात घालणे. तसे केले तर उत्तर सुमारे १.४७ येते.

हेच शिखर पहिल्या कोटीचे, म्हणजे n = 1 चे, आहे की नाही, हे पुढची शिखरे सांगतात. ज्या दुप्पट केली की दुसरे शिखर ६६.२ अंशांवर आणि तिप्पट केली की तिसरे सुमारे ११० अंशांवर यायला हवे, आणि ती तिथेच येतात. चौथ्यासाठी ज्या १.०९ लागेल, ती एकापेक्षा मोठी असूच शकत नाही, म्हणून चौथे शिखर नाही.

या शिखरांचा आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. समजा, स्फटिक उपकरणाच्या अक्षापेक्षा ०.१ मिलिमीटर खाली बसला आहे आणि शोधक अक्षापासून १५० मिलिमीटरवर आहे. मग पहिले शिखर सुमारे ०.०७ अंशाने कमी कोनावर सरकते आणि d २.८२ ऐवजी सुमारे २.८२७ निघतो. तिसऱ्या शिखरावरून काढलेला d मात्र जेमतेम २.८२१ येतो, कारण मोठ्या कोनात तेवढ्याच चुकीचा ज्येवर परिणाम फार कमी होतो. एकाच प्रतलमालेचे अंतर प्रत्येक कोटीत वेगळे आणि ठरावीक दिशेने घसरत जाणारे दिसले, तर दोष स्फटिकात नसून त्याच्या बसवणीत आहे, असे समजावे. सूक्ष्म मोजणीसाठी मोठ्या कोनाची शिखरे पसंत करतात, ती याचसाठी.

एक प्रश्न उरतो. येथे तरंगलांबी आधीच ठाऊक होती. ती पहिल्यांदा कशी कळली? समीकरणात d आणि λ दोन्ही अज्ञात असतील, तर कोनावरून फक्त त्यांचे गुणोत्तर मिळते. १९१३ मध्ये लॉरेन्स आणि त्यांचे वडील विल्यम ब्रॅग यांनी d बाहेरून आणला, तोही मिठाच्या घनतेवरून. त्यासाठी आधी अणूंची मांडणी पक्की करणे आवश्यक होते. पोटॅशियम क्लोराइडमध्ये दोन्ही आयनांवर १८ इलेक्ट्रॉन असल्यामुळे क्ष-किरणांना ते जवळजवळ सारखेच दिसतात आणि काही परावर्तने नाहीशी होतात; मिठात सोडियम आयन हलका असल्यामुळे ती क्षीण स्वरूपात उरतात. दोन्हींच्या तुलनेतून सोडियम आणि क्लोरीन घनाच्या कोपऱ्यांवर एकाआड एक बसतात, हे निश्चित झाले.

मग हिशेब सरळ होतो. आजचे आकडे घेतले तर ५८.४४ ग्रॅम मिठात 6.022 × 10²³ जोड्या असतात आणि घनता दर घन सेंटिमीटरला २.१६५ ग्रॅम आहे. यावरून एका जोडीच्या वाट्याला ४४.८ घन अँगस्ट्रॉम आणि एका आयनाच्या वाट्याला २२.४ घन अँगस्ट्रॉम जागा येते. तिचे घनमूळ २.८२ अँगस्ट्रॉम, म्हणजेच प्रतलांमधील अंतर. हा d समीकरणात घातला की मोजलेल्या कोनावरून λ निघते, आणि त्या λ ने मग दुसऱ्या कोणत्याही स्फटिकातील प्रतलांचे अंतर मोजता येते.