फोटोत दाणे चकाचक, मग भीती कसली?

परवा वहिनीने आमच्या बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधून किलोभर शेंगदाणे आणले आणि लगेच व्हॉट्सॲपवर ताटाचा फोटो, "भाऊजी, बुरशी नाहीये ना? एकादशीच्या खिचडीला कूट करायचंय." झूम केलं तर तीन-चार दाणे सुरकुतलेले, एकाचं साल फाटून टोकाशी पिवळट हिरवी पूड. म्हटलं हे काढून टाका, पण बाकीचे चांगलेच आहेत असं फोटोवरून नाही सांगता येणार.

ही हिरवट पूड म्हणजे ॲस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी, आणि ती जे विष सोडते ते अफ्लाटॉक्सिन. त्याला ना रंग, ना वास. दाणे वाळवले की बुरशी थांबते, पूड चोळली की निघून जाते, पण विष आत तसंच राहतं. शिवाय शेवटच्या दिवसांत पाऊस दडी मारून जमीन तापली तर बुरशी शेंग मातीत असतानाच आत शिरते आणि दोन डाळिंब्यांच्या मधे वाढते, वरून साल गुलाबी ते गुलाबीच.

आता खरी गंमत हिशेबात आहे. दाणा अर्ध्या ग्रॅमचा धरा, म्हणजे किलोत दोन हजार दाणे. थेट खायच्या दाण्यांसाठी आपल्याकडे मर्यादा आहे किलोला 10 मायक्रोग्रॅम. समजा एकाच दाण्यात 20 मायक्रोग्रॅम विष आहे (याहून कितीतरी जास्त असलेले दाणे सापडलेत), तर बाकीचे 1999 अगदी स्वच्छ असले तरी तो किलो मर्यादेच्या दुप्पट झाला! आणि तो एक दाणा ताटात खालच्या थरात असेल तर फोटोत येणारच नाही. म्हणून तर लॅबवाले मूठभर दाणे तपासत नाहीत, बऱ्याच पोत्यांतून थोडे थोडे काढून सगळे एकत्र दळतात आणि मग तपासतात.

सुक्या मिरचीचं तर उलटंच होतं. फोटोत पांढरा डाग दिसला की लोक घाबरतात, तो कधी नुसता उन्हाने उडालेला रंग असतो, आणि तेलाचा हात फिरवलेली लालभडक मिरची उभी चिरली की बियांभोवती करडं जाळं निघतं. मिरचीचा फोटो पाठवायचा तर चिरून पाठवा.

रील्समध्ये तो जांभळा टॉर्च मारून "विष चमकतं बघा" दाखवतात, त्यावर विसंबू नका, चमकणारं सगळं अफ्लाटॉक्सिन नसतं आणि न चमकणारं निर्धोक नसतं. तव्यावर भाजूनही ते पूर्ण जात नाही. 1974 मध्ये इथून जवळच्या पंचमहालात आणि पलीकडे राजस्थानच्या बांसवाड्यात पावसात भिजून बुरशी धरलेला मका लोकांनी आठवडेच्या आठवडे खाल्ला, लिव्हर निकामी होऊन शंभरावर माणसं गेली. तिथे बुरशी डोळ्यांना दिसत होती तरी. एका खिचडीने तसं होत नाही, पण थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

वहिनीने अर्धा तास बसून दाणे निवडले, सुरकुतलेले, काळपट, फुटके, कडवट वासाचे सगळे बाजूला. मग म्हणे, "एवढा कुटाणा करण्यापेक्षा तयार कूटच आणते." म्हटलं, त्यात तर निवडायला एकही दाणा उरत नाही.