उत्तर कधीच खाली येत नाही तेव्हा

आठ आकडे घ्या: १, ३, -१, -३, ५, ३, ६, ७. त्यांच्यावर तीन आकडे मावतील एवढी खिडकी ठेवा आणि ती एकेक घर उजवीकडे सरकवत न्या. दर थांब्यावर खिडकीत दिसणारा सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. उत्तर येतं ३, ३, ५, ५, ६, ७. लीटकोडवरच्या २३९ क्रमांकाच्या प्रश्नात हेच उदाहरण दिलेलं आहे, त्यामुळे कोड लिहून झाला की पहिल्यांदा तो यावरच चालवून बघितला जातो. पण या कोडमधली एक अत्यावश्यक ओळ साफ गाळली, तरी या उदाहरणाचं उत्तर बरोबरच येतं!

ती ओळ कोणती हे कळायला आधी पद्धत बघू. सरळ मार्ग म्हणजे दर थांब्यावर खिडकीतले सगळे आकडे तपासायचे. तीनच आकडे असतील तर काहीच हरकत नाही, पण दहा लाख आकडे आणि दहा हजारांची खिडकी असेल तर जवळपास हजार कोटी तपासण्या होतात. यातल्या बहुतेक वाया जातात, कारण खिडकी एका घराने सरकली की एकच आकडा आत येतो आणि एकच बाहेर पडतो. बाकी सगळे तेच असतात.

इथे डेक कामाला येतो. डेक म्हणजे अशी रांग, जिच्या दोन्ही टोकांना आत-बाहेर करता येतं. नवा आकडा आला की मागच्या टोकाकडे बघायचं. तिथे त्याच्यापेक्षा लहान किंवा त्याच्याएवढा आकडा बसला असेल, तर तो काढून टाकायचा. तो आधी आलेला आहे, म्हणजे आधी खिडकीबाहेर जाणार, आणि किमतीने मोठाही नाही. नवा आकडा समोर असेपर्यंत त्याची गरज पडूच शकत नाही. मागून सफाई झाली की नव्याला शेवटी बसवायचं. त्यामुळे डेकमधले आकडे पुढून मागे नेहमी उतरत्या क्रमाने राहतात आणि सर्वांत मोठा आयता पहिल्या जागी मिळतो.

डेकमध्ये आकडा न ठेवता त्याचा इंडेक्स, म्हणजे यादीतला क्रमांक ठेवतात. मोजणी शून्यापासून. इंडेक्स हाताशी असला की मूळ आकडा बघता येतो आणि तो अजून खिडकीत आहे की नाही हेही कळतं. आता पायथॉनमधला पूर्ण कोड बघा:

```python
from collections import deque

def window_max(a, k):
    dq, out = deque(), []
    for i, x in enumerate(a):
        while dq and a[dq[-1]] <= x:
            dq.pop()
        dq.append(i)
        if dq[0] <= i - k:
            dq.popleft()
        if i >= k - 1:
            out.append(a[dq[0]])
    return out
```

विसरली जाते ती `if dq[0] <= i - k` ही तपासणी आणि तिच्याखालचं `popleft`. मागची सफाई किमतीवरून होते, पुढची वयावरून. मागची सफाई हीच या पद्धतीतली मुख्य क्लृप्ती असल्याने सगळं लक्ष तिकडे जातं, आणि पुढे बसलेला शिळा इंडेक्स तसाच राहतो.

त्याने काय होतं, हे दुसऱ्या यादीवर बघू: ४, ९, ३, ५, २, ६, १, खिडकी तीनचीच. ४ आला, त्याचा इंडेक्स ० डेकमध्ये गेला. ९ आला, त्याने ४ ला हाकललं. डेकमध्ये फक्त इंडेक्स १. मग ३ आला आणि मागे बसला, पहिलं उत्तर ९. त्यानंतरच्या ५ ने ३ ला काढलं, पण ९ ला तो हात लावू शकत नाही. डेक आता १, ३ असा आहे आणि उत्तर पुन्हा ९. इथवर सगळं बरोबर. आता २ येतो, `i` ची किंमत ४ होते. खिडकीत इंडेक्स २ ते ४ आहेत, म्हणजे ३, ५, २ हे आकडे. डेक मात्र १, ३, ४ असा आहे, आणि त्याच्या तोंडाशी इंडेक्स १ वरचा ९ अजून ठाण मांडून बसलाय. `i - k` म्हणजे १, तपासणी लागू पडते, ९ बाहेर जातो आणि उत्तर ५ येतं. तपासणीच नसेल तर उत्तर ९, पुढच्या थांब्यावर ९, त्याच्याही पुढे ९. बरोबर उत्तर ९, ९, ५, ६, ६ असं हवं होतं. मिळतात पाच वेळा ९.

म्हणजे बिघडलेला कोड काहीतरी भलतंच मोजत नाही. तो सुरुवातीपासून आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा मोजतो, आणि तो अगदी अचूक मोजतो. त्याला खिडकी अशी उरलेलीच नाही. म्हणूनच हा बग ओळखायची खूण सोपी आहे: उत्तरांची रांग चढते किंवा सपाट राहते, खाली कधीच येत नाही. लांबलचक, वरखाली होणाऱ्या माहितीवर असं दिसलं, तर आधी डेकचं पुढचं टोक बघावं.

आता पहिलं उदाहरण का फसवतं तेही उघड होतं. त्यातला ३ खिडकीबाहेर पडतो नेमक्या त्याच क्षणी ५ आत येतो आणि मागच्या सफाईतच ३ ला उडवतो. ५ चा हिशेब तसाच ६ चुकता करतो, ६ चा ७. खरं उत्तरच कुठे उतरत नाही, मग चूक दिसणार कुठून? नमुना म्हणून हे उदाहरण छान आहे. चाचणी म्हणून, माझ्या मते, अगदीच कुचकामी.

याहून चिवट प्रकार म्हणजे तपासणी आहे, पण `<=` ऐवजी `<` लिहिलंय. मग शिळा इंडेक्स एकच थांबा जास्त टिकतो आणि खिडकी गुपचूप `k + 1` ची होते. आपल्या यादीवर उत्तर ९, ९, ९, ६, ६ येतं. पाचांत एकच चूक. इथे उत्तर उतरतं, त्यामुळे वरची खूण चालत नाही. मात्र खिडकी १ ची करून बघितली तर दोन्ही चुका लगेच उघड्या पडतात. एका घराच्या खिडकीचं उत्तर म्हणजे मूळ यादीच. ५, ३ दिल्यावर ५, ५ परत आलं की कुठे बघायचं ते कळतं. त्यानंतर लहान लहान यादृच्छिक याद्यांवर सरळ मार्गाच्या उत्तराशी ताळा घ्यावा.

चुकीच्या उत्तरांखेरीज स्मृतीचाही प्रश्न आहे. पुढून सफाई होत असेल तर दर फेरीअखेर डेकमध्ये जास्तीत जास्त `k` इंडेक्स उरतात. ती नसेल आणि आकडे सतत उतरत असतील, तर मागूनही कोणी निघत नाही, पुढूनही नाही. डेक यादीएवढा लांब होतो.

कोडमध्ये पुढच्या तपासणीला `while` नाही, `if` आहे, कारण खिडकी एकाच घराने सरकते आणि एका वेळी एकच इंडेक्स शिळा होऊ शकतो. खिडकी वेळेची असली, समजा सेन्सरच्या शेवटच्या दहा मिनिटांतल्या नोंदींची, तर हा हिशेब बदलतो. पाच मिनिटं नोंद आली नाही तर पुढची नोंद येताना कितीतरी जुन्या नोंदी एकदम बाद झालेल्या असतात, म्हणून तिथे `while` लागतो. शिवाय नोंद येईल तेव्हाच सफाई करून भागत नाही. सेन्सर गप्प असताना कोणी कमाल किंमत विचारली, तर तीही द्यायच्या आधी डेकच्या तोंडाशी बसलेल्या नोंदीची वेळ तपासावी लागते, आणि सगळ्याच नोंदी शिळ्या निघाल्या तर डेक रिकामा होईल हेही धरून चालावं लागतं.